पीआर अडकून पडतो, कमेंटांची रांग लागते: इंटर्नसाठी समस्या निवारण

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या आमच्या छोट्या कंपनीत गावोगावच्या दूध संस्थांसाठी सॉफ्टवेअर बनतं. सकाळ-संध्याकाळचं संकलन, फॅट आणि एसएनएफवरून दर, आणि दहा दिवसांचं बिल, एवढा त्याचा पसारा. शेवटच्या सेमिस्टरला इंजिनिअरिंगची मुलं-मुली आमच्याकडे इंटर्न म्हणून येतात. त्यांच्या सुरुवातीच्या पुल रिक्वेस्टमध्ये, म्हणजे पीआरमध्ये, दरवेळी तोच बिघाड सापडतो. कोड बहुधा ठीक असतो. अडतं ते वर्णनात, आणि मग कमेंटांना दिलेल्या उत्तरांत. हा बिघाड इतक्यांदा शेजारी बसून दुरुस्त केलाय की तपासण्यांचा क्रम आता पक्का झालाय. सोपी आणि फुकटची तपासणी आधी, वेळ खाणारी नंतर.

बटणांची नावं गिटहबची दिली आहेत. गिटलॅबवर नावं थोडी बदलतात, तपासण्या त्याच राहतात.

## लक्षणं

यातलं एखादं जरी दिसलं तरी पुढचं वाचा.

- पीआर टाकून दोन दिवस झाले, कुणी उघडलेला दिसत नाही.
- पहिलीच कमेंट येते, "हे नेमकं कशासाठी आहे?"
- तुम्ही दहा-पंधरा ओळी बदलल्या, पण पीआरवर सहाशे ओळींचा आकडा दिसतो.
- प्रत्येक उत्तराची सुरुवात "सॉरी सर" ने होते आणि शेवट "डन" ने. काय डन झालं ते कुणालाच कळत नाही.
- एकाच कमेंटखाली चार-पाच उत्तरं झाली, कोड मात्र जागचा हललेला नाही.
- कमेंटचं नोटिफिकेशन आलं की पोटात गोळा येतो आणि तुम्ही संध्याकाळपर्यंत ते उघडत नाही.

शेवटचं लक्षण स्वभावाचं वाटतं, पण माझ्या अनुभवात त्याचं मूळ बऱ्याचदा वर्णनातच निघतं. वर्णनात उत्तरं नसली की रिव्ह्यू करणारा प्रश्न विचारतो. एका पीआरवर नऊ प्रश्न आले की नवख्या माणसाला ती झडती वाटते. त्यातले सहा प्रश्न आधीच मिटवता आले असते, तर उरलेले तीन शांतपणे वाचता आले असते.

## तपासणी 1: शीर्षक (दोन मिनिटं)

पीआरच्या यादीत फक्त शीर्षकं दिसतात. `bill fix`, `changes`, `final update` असं काही असेल तर रिव्ह्यू करणाऱ्याला आत काय आहे याचा अंदाज येत नाही, आणि ज्याचा अंदाज येत नाही ते काम माणूस जेवणानंतरवर ढकलतो.

शीर्षकात वापरणाऱ्याच्या दृष्टीने काय बदललं ते लिहा. "बिल फिक्स" ऐवजी "दहा दिवसांच्या बिलाची एकूण रक्कम पावत्यांच्या बेरजेशी जुळवणे". हे एवढं मनावर घेण्याचं आणखी एक कारण आहे. स्क्वॅश मर्ज करणाऱ्या टीममध्ये पीआरचं शीर्षक बहुधा कमिटचं शीर्षक बनून इतिहासात राहतं. वर्षभराने एखाद्या संस्थेचं बिल चुकलं आणि कुणी `git blame` मारलं, तर त्याच्या हाती तेवढी एकच ओळ लागते.

आमच्याकडे मराठीत लिहिलं तरी चालतं. तुमच्या टीमची भाषा इंग्रजी असेल तर हेच इंग्रजीत लिहा. वाक्यं सोपी असली की व्याकरणाची भीती बाळगायचं कारण नाही.

## तपासणी 2: स्वतःचा डिफ स्वतः वाचा (दहा मिनिटं)

रिव्ह्यू मागण्याआधी `Files changed` उघडा आणि दुसऱ्याचा कोड आहे असं समजून वरून खालपर्यंत वाचा. एडिटरमध्ये हे होत नाही. एडिटरमध्ये पूर्ण फाइल दिसते, इथे फक्त बदल दिसतो. विसरलेला `console.log`, कमेंट करून ठेवलेल्या जुन्या ओळी, भलत्याच फाइलीतला बदल, हे सगळं इथे लगेच डोळ्यावर येतं.

सहाशे ओळींचं लक्षण असेल तर हे चालवून बघा:

```
git fetch origin
git diff --stat origin/main...HEAD
git diff --stat -w origin/main...HEAD
```

तीन टिंबांचा अर्थ असा की तुमची ब्रँच `main` पासून जिथे फुटली तिथून पुढचे फक्त तुमचे बदल दाखव. `-w` म्हणजे मोकळ्या जागेतले फरक सोडून दे. पहिल्या आकड्यात सहाशे आणि दुसऱ्यात चौदा आले तर निदान झालं. एकतर एडिटरने सेव्ह करताना अख्खी फाइल नव्याने फॉरमॅट केली, नाहीतर विंडोजवर ओळीच्या शेवटची खूण बदलली. इंटर्न घरच्या लॅपटॉपवर विंडोज वापरतात, सर्व्हर लिनक्सचा असतो, त्यामुळे हा दुसरा प्रकार आमच्याकडे नेहमीचा.

ज्या फाइलीत तुमचा एकही खरा बदल नाही ती अशी परत आणा आणि मग कमिट करा:

```
git restore --source=origin/main...HEAD -- src/report.js
```

ज्या फाइलीत खरा बदलही आहे तिच्यावर ही कमांड चालवू नका, तुमचं काम पुसलं जाईल. तिथे फॉरमॅटिंग बंद करून तेवढ्याच ओळी पुन्हा बसवा आणि `git add -p` ने तुकडे निवडून घ्या. कोड फॉरमॅट करायचाच असेल तर त्याचा वेगळा पीआर करा, त्यात दुसरं काही घालू नका.

हे महत्त्वाचं का, तर चौदा ओळी सहाशेत हरवल्या की रिव्ह्यू करणारा दोनपैकी एक करतो. वरवर बघून मंजुरी देतो आणि चूक पुढे जाते, किंवा सापडेल त्यावर कमेंट करत सुटतो आणि तुमच्या हातात तीस कमेंटा येतात. दोन्हींत नुकसान तुमचंच.

## तपासणी 3: वर्णन (अर्धा तास, आणि तो द्यायलाच हवा)

सगळ्यात जास्त बिघाड इथे असतो, म्हणून एक उदाहरण पूर्ण बघू.

तक्रार अशी होती. एका दूध संस्थेच्या सचिवांनी कळवलं की उत्पादकाने दहा दिवसांच्या पावत्यांची बेरीज केली, ती बिलावरच्या रकमेशी जुळत नाही. फरक थोड्या पैशांचा. पण गावात हिशेबात पैशाचा फरक आला तरी "यंत्र खातंय" असा बोभाटा होतो, आणि सचिवांना दारात उभं राहून उत्तर द्यावं लागतं. काम इंटर्नकडे दिलं. तिने बरोबर जागा शोधली, दोन ओळी बदलल्या आणि वर्णनात लिहिलं:

> बिलातला बग फिक्स केला. कृपया रिव्ह्यू करा.

तासाभरात तीन कमेंटा आल्या. राउंडिंग पावतीवर करायचं की एकूण रकमेवर, आणि हे ठरवलं कुणी? आधी वाटलेल्या बिलांचं काय होणार? पूर्ण वीस नोंदींचं बिल तपासलंस का?

या तिन्हींची उत्तरं तिच्याकडे होती. तिने विचार केला होता, सपोर्टशी बोलली होती, हाताने हिशेबही केला होता. फक्त त्यातलं काही लिहिलं नव्हतं. रिव्ह्यू करणाऱ्याला कोड दिसतो, तुमच्या डोक्यातला विचार दिसत नाही. म्हणून मी शेजारी बसून तिला तेच तोंडी विचारलं आणि ती जे बोलली ते लिहायला लावलं. वर्णन असं झालं:

> काय बिघडलं होतं: दहा दिवसांच्या बिलावरची एकूण रक्कम आणि त्याच दिवसांच्या पावत्यांची बेरीज यांत काही पैशांचा फरक येतो. उदाहरणार्थ तीन नोंदी: 4.3 लिटर × 52.38, 3.7 × 52.42, 4.1 × 52.44. पावत्यांवर 225.23, 193.95 आणि 215.00 छापतं, बेरीज 634.18. बिल मात्र 634.19 दाखवतं.
>
> कारण: पावती प्रत्येक नोंद पैशापर्यंत राउंड करते. बिल राउंड न केलेल्या रकमा बेरजेला घेतं (225.234 + 193.954 + 215.004 = 634.192) आणि शेवटी एकदाच राउंड करतं.
>
> बदल: बिलही आता प्रत्येक नोंद आधी राउंड करतं, मग बेरीज करतं. फक्त `billTotal()` बदललं आहे.
>
> नियम कुणी ठरवला: संस्थेच्या सचिवांनी सपोर्टमार्फत कळवलं की उत्पादकाच्या हातात पावती असते, म्हणून पावत्यांची बेरीज प्रमाण धरावी. `Fixes #214`
>
> कसं तपासलं: वरच्या तीन नोंदींची टेस्ट लिहिली. वीस नोंदींचं एक बिल हाताने जुळवलं. एकही नोंद नसलेलं बिल 0.00 येतं हे पाहिलं.
>
> यात काय नाही: आधी वाटलेली बिलं पुन्हा काढलेली नाहीत. ती काढायची की नाही हा निर्णय वेगळा आहे.

यात मोठे शब्द नाहीत, लांबीही फार नाही. पण प्रत्येक भाग एकेक प्रश्न आधीच मिटवतो. आकड्यांचं उदाहरण सर्वात मोलाचं, कारण रिव्ह्यू करणारा ते कागदावर करून बघू शकतो. "राउंडिंगचा प्रॉब्लेम होता" या वाक्यावर विश्वास ठेवावा लागतो, 634.18 आणि 634.19 स्वतः पडताळता येतात. वीस नोंदी का, तर दहा दिवस, रोज दोन वेळा दूध. एका नोंदीत राउंडिंगने जास्तीत जास्त अर्धा पैसा इकडेतिकडे होतो, म्हणजे वीस नोंदींत फरक दहा पैशांच्या वर जाऊ शकत नाही. त्याहून मोठा फरक आला असता तर कारण दुसरंच शोधावं लागलं असतं. हेही वाक्य वर्णनात असतं तर मला आणखी आवडलं असतं.

"यात काय नाही" हा भाग इंटर्न हमखास गाळतात. त्यांना वाटतं, न केलेलं काम कशाला दाखवायचं? पण तो भाग नसला की रिव्ह्यू करणारा समजतो की हे तुमच्या लक्षातच आलेलं नाही, आणि मग त्यावर कमेंट येते.

`Fixes #214` ही ओळ वर्णनात असली की पीआर मुख्य ब्रँचमध्ये मर्ज झाल्यावर तो इश्यू आपोआप बंद होतो, आणि तक्रारीपासून कोडपर्यंतचा माग राहतो. स्क्रीनवर दिसणारा बदल असेल तर आधीचा आणि नंतरचा फोटो जोडा. फोटोत उत्पादकाचं नाव, खाते क्रमांक, आधार क्रमांक दिसत असेल तर टेस्टच्या माहितीवर पुन्हा फोटो काढा. काळा रंग फासून भागवू नका, घाईत एखादी ओळ राहून जाते.

दर वेळी हे भाग आठवत नसतील तर रिपॉझिटरीत `.github/pull_request_template.md` या नावाने फाइल ठेवा. नवा पीआर उघडला की मथळे आपोआप समोर येतात. टीममध्ये अशी फाइल नसेल तर ती तुम्हीच सुचवा, लहानसा पण उपयोगी पीआर होईल.

## तपासणी 4: एकात दोन कामं तर नाहीत?

वर्णन लिहिताना "आणि शिवाय" असं लिहावंसं वाटलं की थांबा. बिलाची बेरीज दुरुस्त केली आणि शिवाय लॉगिनचं बटण हलवलं, तर हे दोन पीआर आहेत. `git log --oneline origin/main..HEAD` ने कमिटांची यादी बघा आणि वेगळी कमिटं वेगळ्या ब्रँचवर न्या. बटणावर वाद झाला तर बिलाची दुरुस्ती त्याच्यासोबत अडकून पडते, आणि तिकडे सचिव फोन करत राहतात.

काम अर्धवट असेल तर पीआर `Draft` ठेवा, म्हणजे कुणी चुकून पूर्ण समजून वाचणार नाही.

## तपासणी 5: कमेंटांना उत्तरं

इथपर्यंत सगळं नीट असलं तरी कमेंटा येणारच. त्या आल्या म्हणजे पीआर बिघडला असं नाही. उत्तरांचा क्रम बिघडला तर मात्र पीआर बिघडतो.

पहिली गोष्ट, सगळ्या कमेंटा वाचून होईपर्यंत एकालाही उत्तर देऊ नका. तिसऱ्या कमेंटमध्ये बऱ्याचदा पहिलीचा खुलासा असतो. वाचताना प्रत्येकीवर मनात खूण करा: हा प्रश्न आहे, हा बदल करायलाच हवा, की ही फक्त आवड आहे? काही जण आवडीच्या कमेंटपुढे `nit:` लिहितात. त्याचा अर्थ "केलंस तर बरं, नाही केलंस तरी मंजूर". अशा कमेंटवर वाद घालण्यात अर्धा दिवस घालवलेले इंटर्न मी पाहिले आहेत, आणि `nit:` नसलेली महत्त्वाची कमेंट तशीच राहिलेली.

दुसरी गोष्ट सुराची. आपल्याकडे कोल्हापुरात "काय केलंयस रं हे?" असं कुणी हसत म्हणालं तर त्यात आपुलकी असते, आणि आपल्याला ती ऐकू येते. तेच "हे का?" म्हणून स्क्रीनवर आलं की चेहरा नाही, आवाज नाही, आणि ते खेकसल्यासारखं वाटतं. आमचे काही रिव्ह्यू करणारे पुण्यात बसतात, इंटर्नने त्यांना कधी पाहिलेलं नसतं. म्हणून माझा नियम असा: लेखी "हे का?" नेहमी "मला कारण सांग" असाच वाचायचा. त्यात राग आहे हे सिद्ध होत नाही तोवर राग नाही. कमेंट वाचून छातीत धडधडलं तर उत्तर आधी वहीत लिहा, गिटहबच्या चौकटीत नाही. पाणी पिऊन या, मग वहीतल्या उत्तरातलं स्वतःच्या बचावाचं वाक्य काढून टाका. उरतं ते बहुधा बरोबर उत्तर असतं.

त्याच बिलाच्या पीआरवर दुसऱ्या फेरीत आलेली कमेंट बघा:

> रुपये दशांशात ठेवून राउंड करतेस, हे चुकेल. कन्सोलमध्ये `1.005 * 100` टाकून बघ. हिशेब पूर्णांकात कर.

तिचं पहिलं उत्तर, अजून पाठवलेलं नव्हतं, असं होतं: "पण सर, माझ्या सगळ्या टेस्ट पास होतात." मी विचारलं, कन्सोलमध्ये टाकून बघितलंस का? नव्हतं बघितलं. बघितल्यावर 100.5 यायच्या जागी `100.49999999999999` आलं. ते राउंड केलं की 101 पैशांऐवजी 100 मिळतात. संगणक 1.005 ही संख्या द्विमान पद्धतीत तंतोतंत ठेवू शकत नाही, किंचित कमी ठेवतो, आणि नेमक्या अर्ध्या पैशावर निर्णय उलटा लागतो. तिच्या टेस्टमध्ये अर्ध्या पैशावर येणारी एकही नोंद नव्हती, म्हणून सगळ्या पास होत होत्या. दोघांचंही म्हणणं खरं होतं, पण तिचं उत्तर त्या कमेंटला लागू नव्हतं. शांतपणे उत्तर देण्याचा प्रश्न इथे सुटला तो सांगितलेली गोष्ट करून बघण्यामुळे. हातात आकडा आला की वाद घालण्यासारखं काही उरलं नाही.

मग तिने हिशेब असा बदलला, लिटर दहाव्या भागात आणि दर पैशांत, दोन्ही पूर्णांक:

```js
function entryPaise(decilitres, ratePaise) {
  return Math.round((decilitres * ratePaise) / 10);
}
// entryPaise(43, 5238) -> 22523
```

आणि उत्तर लिहिलं:

> चालवून पाहिलं, 100.49999999999999 येतं. नोंदीचा हिशेब आता पूर्णांकात केला (`a41f9c2`), अर्ध्या पैशावर येणाऱ्या नोंदीची टेस्ट जोडली. दरपत्रक अजून दशांशातच साठवलं जातं. ते बदलायचं तर बाकीच्या स्क्रीनही बदलाव्या लागतील, म्हणून त्यासाठी वेगळा इश्यू उघडला आहे. हे चालेल का?

यात "सॉरी" नाही आणि "पण" नाही. काय पाहिलं, काय केलं, कुठल्या कमिटमध्ये केलं, काय राहिलं आणि का, एवढंच आहे. नुसत्या "डन" ने रिव्ह्यू करणाऱ्याला पुन्हा सगळा डिफ चाळावा लागतो, कमिटचा क्रमांक दिला की तो थेट तिथे जातो.

सहमत नसाल तेव्हाही हाच साचा. "मला नाही वाटत" ऐवजी आकडा, आउटपुट किंवा ओळ दाखवा आणि निर्णय विचारा: "दोन्ही प्रकारे चालवून पाहिलं, फरक इथे पडतो. कोणता ठेवू?" कमेंट कळलीच नसेल तर "समजलं नाही" एवढ्यावर थांबू नका, तुम्हाला काय समजलं ते लिहा: "याचा अर्थ फंक्शन वेगळ्या फाइलीत न्यायचं असा घेतला, बरोबर आहे का?" चुकीचं समजलं असेल तर समोरचा एका ओळीत सुधारतो.

वयाने मोठ्यांना "तुम्ही", "सर", "मॅडम", "दादा", "ताई" जे एरवी म्हणता तेच म्हणा. आदर शब्दात असू द्या, माफी मात्र प्रत्येक ओळीत नको. दहा "सॉरी" वाचून रिव्ह्यू करणारा पुढच्या वेळी खरी चूक सांगायलाही कचरतो.

दुरुस्त्या वेगळ्या कमिटमध्ये पुश करा. रिव्ह्यू चालू असताना इतिहास बदलून `--force` ने पुश केलं की जुन्या कमेंटांवर `Outdated` दिसू लागतं आणि मागच्या वाचनानंतर काय बदललं ते शोधणं अवघड होतं. कमिटं एकत्र करायचीच असतील तर मंजुरीनंतर, टीमच्या पद्धतीप्रमाणे. `Resolve conversation` हे बटण दिसतं म्हणून दाबू नका. कमेंट ज्याची, समाधान झालं की नाही ते त्याने ठरवावं, टीमचा वेगळा नियम नसेल तर. सगळी उत्तरं झाली की रिव्ह्यू करणाऱ्याच्या नावाशेजारच्या गोल बाणाने पुन्हा रिव्ह्यू मागा. हे विसरल्यामुळे थांबलेले पीआर खूप असतात. तुम्ही त्यांची वाट बघता, ते तुमची.

## कुठे थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

एकाच कमेंटखाली दोनदा देवाणघेवाण झाली आणि कोड बदलला नाही, तर तिसरं उत्तर लिहू नका. उठून त्यांच्या टेबलापाशी जा, पुण्यात असतील तर दहा मिनिटांचा कॉल लावा. बोलून जे ठरेल ते त्याच कमेंटखाली दोन ओळींत लिहा, कारण बोलण्यात जे नव्हते त्यांना नंतर तेच वाचायचं असतं.

दोन रिव्ह्यू करणारे परस्परविरोधी सांगत असतील तर मध्ये पडून निवड करू नका. दोघांना एकाच कमेंटमध्ये टॅग करा, दोन्ही मतं एकेका ओळीत मांडा आणि टीम लीडला निर्णय विचारा.

राउंडिंग पावतीवर की बिलावर, आधी वाटलेली बिलं दुरुस्त करायची का, असले प्रश्न कोडचे नाहीत. ते संस्थेच्या सचिवांनी आणि त्यांच्या लेखापरीक्षकांनी ठरवायचे. रिव्ह्यूमध्ये त्यावर कितीही चर्चा झाली तरी लीडमार्फत त्यांच्याकडूनच उत्तर आणा. जुन्या नोंदी बदलणारी स्क्रिप्ट कुणी कमेंटमध्ये सहज सुचवली तरी इंटर्नने ती एकट्याने चालवू नये.

पासवर्ड किंवा एपीआय की कमिटमध्ये गेली असेल तर पुढच्या तपासण्या सोडा आणि लगेच लीडला सांगा, रात्र असली तरी. पुढच्या कमिटमध्ये ती ओळ काढून भागत नाही, इतिहासात ती तशीच राहते. आधी ती की रद्द करून नवी काढावी लागते, इतिहास साफ करायचं नंतर बघता येतं. तो अधिकार तुमच्याकडे नसतो आणि उशीर झाला की नुकसान वाढतं. उत्पादकांची खरी माहिती फोटोत किंवा टेस्टच्या फाइलीत गेली असेल तर तेही लगेच सांगायचं.

आणि कमेंट कोडबद्दल नसून तुमच्याबद्दल असेल, तुमच्या कॉलेजबद्दल, बोलीबद्दल, तुम्ही मुलगी असण्याबद्दल, तर तिथे शांत उत्तर देण्याची जबाबदारी तुमची नाही. उत्तर न देता स्क्रीनचा फोटो काढून ठेवा आणि मेंटरला किंवा एचआरला त्याच दिवशी दाखवा. मेंटरच तसं लिहिणारा असेल तर त्याच्या वरच्या माणसाला दाखवा.